तळटीपेतला माणूस

मराठीतल्या इतिहासाच्या प्रबंधांमध्ये एक तळटीप वारंवार भेटते : ‘प्रत्यक्ष मुलाखत’. कधी तिच्याआधी एखादे नाव असते, कधी नावापुढे गाव आणि तारीख असते, तर कधी एवढे दोनच शब्द असतात. त्याच पानावरच्या दुसऱ्या तळटिपा मात्र काटेकोर असतात. कोणते अभिलेखागार, कोणता विभाग, कोणत्या वर्षीचा खंड, कितवे पान, सारे दिलेले असते. कागदाला एवढा मान देणारा संशोधक माणसाच्या शब्दाची बोळवण दोन शब्दांत का करतो, हा प्रश्न मला प्रबंध वाचताना नेहमी पडत आला आहे.

त्यात निव्वळ आळस असतो असे नाही. कागदाच्या तळटिपेचे काम एकच असते : वाचकाला मूळ साधनापर्यंत पोहोचवणे. मुलाखतीच्या तळटिपेला दोन कामे करावी लागतात आणि ती परस्परविरोधी आहेत. हे ज्ञान कुठून, कधी, कसे मिळाले ते वाचकाला कळले पाहिजे. आणि ज्याने ते विश्वासाने सांगितले, त्याच्या दारापर्यंत वाचकाने पोहोचता कामा नये. ही दोन्ही कामे एकाच तळटिपेने कशी करायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी पहिले काम पाहू. मुलाखत कधी घेतली हे सांगणे केवळ शिष्टाचाराचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी इटलीतले एक उदाहरण पुरेसे आहे. तेर्नी हे मध्य इटलीतले पोलाद कारखान्याचे शहर. १७ मार्च १९४९ रोजी, इटलीने नाटो करारात सामील होऊ नये म्हणून तिथले कामगार रस्त्यावर आले. पोलिसांशी झालेल्या झटापटीत लुइजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा कामगार मारला गेला. अनेक वर्षांनी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली हे अभ्यासक त्या शहरातल्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करू लागले, तेव्हा कित्येकांनी हा मृत्यू १९४९ मध्ये नव्हे, तर १९५३ मध्ये झाल्याचे सांगितले. १९५३ मध्ये तेर्नीच्या कारखान्यातून दोन हजारांहून अधिक कामगार काढले गेले आणि शहरात मोठा उद्रेक झाला. आपला माणूस एका दूरच्या लष्करी कराराच्या विरोधात गेला यापेक्षा तो आपल्या भाकरीच्या लढ्यात गेला, असे शहराच्या स्मृतीने नकळत ठरवून टाकले होते.

पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून विषय संपवला नाही. त्या चुकीचाच त्यांनी अभ्यास केला, आणि तो मौखिक इतिहासाच्या क्षेत्रातला पायाभूत निबंध ठरला. हे शक्य झाले, कारण घटना कधीची आणि ती सांगितली कधी, या दोन तारखा त्यांच्याजवळ वेगवेगळ्या होत्या. दुसरी तारीख नसती, तर म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती दगा देते एवढेच अनुमान निघाले असते.

आपल्या गिरणगावालाही हे लागू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाविषयी एखादा कामगार १९८३ मध्ये बोलला असेल, तर तो अजून संपाच्या आतूनच बोलत होता. तोच कामगार १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींची वाट मोकळी केल्यानंतर बोलला असेल, तर त्याच्या डोळ्यांसमोर चिमणीच्या जागी उभा राहणारा टॉवर आहे. आणि २०२३ मध्ये बोलला असेल, तर संप, गिरणी आणि बहुधा चाळही मागे पडलेली आहे. शब्द तेच असले तरी साक्ष तीन प्रकारची आहे. तळटिपेत मुलाखतीचे वर्ष नसेल, तर यांतली कोणती साक्ष आपण वाचतो आहोत हे कळायला मार्ग उरत नाही.

आता दुसरे काम, नावाचे. इथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. नाव बदलणे म्हणजेच नैतिकता, असे अलीकडे काही विद्यार्थी धरून चालतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडून त्यांचा सहभाग नोंदवून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. त्या पुस्तकाचे सारे मोल नावांत आहे. ज्या स्त्रिया परिषदांना गेल्या, ज्यांनी संस्था चालवल्या, त्यांची नावे लिखित इतिहासात नव्हती म्हणून तर हा खटाटोप. त्यांना संरक्षणाच्या नावाखाली ‘निवेदक क्र. ७’ केले असते, तर तो दुसऱ्यांदा केलेला अन्याय झाला असता. म्हणून नाव लावायचे की झाकायचे, हे संशोधकाने घरी बसून ठरवण्याचे नाही. ते विचारायचे असते, आणि विचारताना दोन्ही वाटांचे परिणाम समोर ठेवायचे असतात.

परिणाम समोर ठेवायचे म्हणजे काय, हे बेलफास्टच्या प्रकरणाने साऱ्या जगाला शिकवले. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ चा शांतता करार झाल्यावर, तिथल्या सशस्त्र संघर्षात प्रत्यक्ष उतरलेल्या माणसांच्या आठवणी ती हयात आहेत तोवर मुद्रित कराव्यात, या हेतूने अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने २००१ मध्ये एक प्रकल्प हाती घेतला. पत्रकार एड मोलोनी त्याचे संचालक होते. प्रजासत्ताकवादी बाजूच्या मुलाखती अँथनी मॅकिंटायर यांनी घेतल्या. ते स्वतः पूर्वी आयआरएमध्ये होते आणि त्यांनी पीएच.डी.ही केली होती. प्रत्येक निवेदकाला एक सांकेतिक अक्षर दिले गेले, आणि ‘तुमच्या मृत्यूपूर्वी तुमच्या संमतीवाचून हे कुणालाही मिळणार नाही’ असे वचन दिले गेले. त्या वचनावर विसंबून माणसे बोलली. स्वतःविषयी बोलली, तशीच दुसऱ्यांविषयीही.

दोन निवेदकांच्या निधनानंतर त्यांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. १९७२ च्या डिसेंबरात बेलफास्टमधून दहा मुलांच्या एका विधवा आईला, जीन मॅक्‌कॉन्व्हिल यांना, पळवून नेऊन ठार मारले गेले होते. त्या खुनाचा तपास करणाऱ्या पोलिसांना या मुद्रणांचा सुगावा लागला. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराखाली २०११ मध्ये कॉलेजवर समन्स बजावले गेले. प्रकरण अपिलांत गेले, मागितलेल्या मुलाखतींची संख्या न्यायालयाने कमी केली, परंतु काही मुद्रणे अखेर द्यावी लागलीच. २०१४ मध्ये जेरी अ‍ॅडम्स यांना अटक झाली आणि चार दिवसांनी, आरोप न ठेवता, त्यांना सोडण्यात आले. पुढे एका वृद्ध निवेदकावर खटला उभा राहिला. मुद्रणातला ‘झेड’ तो हाच, असा सरकार पक्षाचा दावा होता. २०१९ मध्ये न्यायालयाने ती मुद्रणे पुरावा म्हणून भरवशाची नाहीत असे ठरवले आणि तो सुटला.

या प्रकरणातली मूळ चूक एका वाक्यातली होती. प्रकल्पाच्या संचालकाशी झालेल्या करारात गोपनीयतेची हमी ‘अमेरिकन कायदा जेवढी मुभा देईल तेवढी’ अशी मर्यादित होती. निवेदकांनी सह्या केलेल्या कागदात ही मर्यादा नव्हती. ज्याला धोका नव्हता त्याला मर्यादा ठाऊक होती, आणि ज्याला धोका होता त्याला ती सांगितलीच गेली नाही. आपल्याकडेही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपला पुराव्याचा कायदा वकील आणि अशील, पती आणि पत्नी यांच्या संवादाला संरक्षण देतो. संशोधक आणि निवेदक यांचा त्यात समावेश नाही. म्हणून ‘हे कुणालाही कळणार नाही’ असे वाक्य कोणत्याही संमतिपत्रात असता कामा नये. ‘मी स्वतःहून कुणाला सांगणार नाही, मात्र न्यायालयाने मागितले, तर मला नकार देता येईलच असे नाही’ एवढेच खरे वचन आहे. ते ऐकून निवेदक काही गोष्टी सांगणार नाही. तो त्याचा अधिकार आहे, आणि तेवढे नुकसान प्रबंधाने सोसायचे असते.

दुसरा धडा सांकेतिक अक्षराचा. ‘झेड’ या अक्षराने नाव झाकले, पण आवाज आणि सांगितलेले आयुष्य उघडेच होते. टोपणनाव एका शब्दापुरते असेल तर ते फार झाकत नाही. माणूस ओळखला जातो तो त्याच्याभोवतीच्या तपशिलांनी. हे घरच्या उदाहरणावर नीट दिसेल. उदाहरण मी रचलेले आहे. त्यातले दोष मात्र प्रबंधांत सर्रास आढळणारे आहेत.

समजा, गिरणगावातल्या खानावळींवर कुणी प्रबंध लिहीत आहे. मुलुखातून एकटे आलेले कामगार चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. संपात हेच कामगार गावी परतले आणि बायकांचे पैसे थकले. अशी खानावळ चालवलेली एक वृद्ध बाई मुलाखत देते. बोलता बोलता ती सांगते की, संप चालू असतानाच तिचा दीर चोरून कामावर जात होता, आणि त्यावरून चाळीत मारहाण झाली. दीर हयात आहे. ज्यांनी मारले त्यांतला एक जण आजही त्याच गल्लीत राहतो. ही हकीगत प्रबंधाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण संपातली फूट घराच्या आत कशी उतरली हे ती दाखवते. नवशिक्या संशोधकाची तळटीप अशी होते : ‘प्रत्यक्ष मुलाखत, सुमन (नाव बदलले आहे), खानावळ चालक, लालबाग, मूळ गाव संगमेश्वर तालुका, दि. ११ फेब्रुवारी २०२३.’

वरवर पाहता हे ठीक दिसते. पण मजकुरात आणखी दोन ठिकाणी आले आहे की, बाईंचा मुलगा अग्निशमन दलात होता आणि त्यांची खोली जिन्यालगत होती. परिशिष्टात मुलाखतींची यादी आहे. तिथे अन्य निवेदकांची खरी नावे तारखांसह दिली आहेत, आणि ११ फेब्रुवारीपुढे फक्त ‘सुमन’ आहे. ऋणनिर्देशात मात्र ‘लालबागच्या अमुक काकूंनी दोन दुपारी मला जेवू घालून गिरणगाव समजावून दिला’ असे खऱ्या नावानिशी आभार आहेत. तिन्ही जागा एकत्र वाचणाऱ्याला सुमन कोण, हे ओळखायला पाच मिनिटे पुरतात. बाईंची ओळख फुटली की दिराचीही फुटते, आणि त्याच्याकडून तर कुणी संमती घेतलेलीच नसते.

पूर्वी असा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडे आणि त्या धुळीचेच निवेदकाला संरक्षण असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आले, आणि ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध कुणालाही घरबसल्या वाचता येऊ लागले. बाईंचा नातू तालुक्याचे आणि गल्लीचे नाव टाकून आजीची मुलाखत शोधू शकतो. दिराचा नातूही शोधू शकतो.

म्हणून काम मुलाखतीच्या आधीपासून सुरू करावे लागते. संमती एकदाच आणि एकाच प्रश्नात घेऊन भागत नाही. मुद्रण केले तर चालेल का. प्रबंधात तुमचे शब्द छापले तर चालेल का. नाव लावू की बदलू. परीक्षकांनी ऐकायला मागितले तर ऐकवू का. काम झाल्यावर मुद्रण ठेवू, संग्रहाला देऊ की पुसून टाकू. आणि हे सारे पुढे इंटरनेटवर येईल, ते चालेल का. हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि एकाला हो म्हणणारा माणूस दुसऱ्याला नाही म्हणू शकतो. कागदावर सही किंवा अंगठा म्हटले की पुष्कळांना कर्जाचे आणि जप्तीचे कागद आठवतात. अशा वेळी हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे मुद्रणाच्या सुरुवातीलाच आवाजात नोंदवावीत. मुलाखत संपल्यावर ती पुन्हा विचारावीत, कारण आपण काय बोलून गेलो हे माणसाला शेवटीच कळते. सुरुवातीला ‘नाव लावा की, मला कुणाची भीती?’ म्हणणारी बाई दिराचा विषय निघून गेल्यावर वेगळे उत्तर देण्याची शक्यता असते. ‘बंद करा ते जरा’ म्हणून जे सांगितले गेले, ते उद्धृत करायचे नाही, आणि ‘एका निवेदकाच्या मते’ अशा आडवाटेनेही आत आणायचे नाही.

नाव बदलताना मराठीत एक खास अडचण येते. आपली आडनावे जात, मुलूख आणि कधी कधी गावही सांगतात. ‘सुमन’ला सोयीसाठी एखादे आडनाव जोडले, की संशोधकाने तिला नकळत दुसरी जात दिलेली असते, आणि खानावळीत कोण कुणाच्या हातचे जेवत होते हा प्रश्न तर प्रबंधाच्या गाभ्याचा आहे. म्हणून टोपणनाव आडनावाशिवाय ठेवावे; बाईंना स्वतःला नाव निवडू दिले तर उत्तमच. तपशील धूसर करावा, खोटा करू नये. ‘वय ७३’चे ‘सत्तरीच्या पुढे’ करता येते. पण कोकणातल्या बाईला साताऱ्याची करता येत नाही, कारण संपात कोण कोणत्या मुलखात परतले हाही इतिहास आहे. एका निवेदकाला झाकण्यासाठी त्याची दोन टोपणनावांत वाटणी करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण वाचक एका साक्षीदाराला दोन समजतो.

या सगळ्यातून निघालेली तळटीप साधारण अशी होईल : ‘‘सुमन’ (बदललेले नाव), पूर्वी खानावळ चालवणारी स्त्री, वय सत्तरीच्या पुढे, संशोधकाने घेतलेली मुलाखत क्र. १४, बैठक दुसरी, मध्य मुंबई, फेब्रुवारी २०२३, मराठी, ध्वनिमुद्रण १ तास १२ मिनिटे, उद्धृत भाग ४१ ते ४४ मिनिटे, संमती ध्वनिमुद्रित, मुद्रण निवेदकाच्या अटीनुसार खुले नाही.’

पहिलीपेक्षा ही लांब आहे, पण बाईंविषयी ती कमी सांगते आणि मुलाखतीविषयी जास्त. गाव गेले, गल्ली गेली, तारखेचा महिना झाला. त्याऐवजी ही दुसरी बैठक होती हे कळले, म्हणजे दिराची गोष्ट ओळख झाल्यावर निघाली हे वाचकाला समजते. मिनिटे दिल्यामुळे परीक्षकाने विचारले तर तेवढाच तुकडा काढून दाखवता येतो. परिशिष्टातल्या यादीतही सर्वांपुढे महिना आणि वर्षच द्यावे, नाहीतर एकटी झाकलेली तारीखच बोट दाखवते. ज्यांनी नाव लावायला सांगितले त्यांच्या तळटिपेत खरे नाव आणि पूर्ण तारीख असावी. तिथे संकोच करू नये. टोपणनाव आणि खरे नाव यांची जुळणी एकाच कागदावर असावी. तो कागद मुद्रणांपासून आणि संगणकावरच्या उताऱ्यांपासून वेगळा, कुलपात ठेवावा. संमतीच्या ध्वनिफितीत खरे नाव उच्चारले गेले असेल, तर तीही त्याच कुलपात जाते.

कोणती संदर्भपद्धती वापरायची, याचा विद्यार्थी फार विचार करतात. पद्धतींत फरक आहे खरा. शिकागो पद्धतीत अप्रकाशित मुलाखत मुख्यतः तळटिपेत येते, एमएलए पद्धतीत ती संदर्भसूचीतही येते, आणि एपीए पद्धती स्वतःच्या अभ्यासातल्या निवेदकांना संदर्भसूचीत घेतच नाही. त्यांचे शब्द मजकुरात टोपणनावाने येतात आणि पद्धतीच्या प्रकरणात मुलाखतींचा खुलासा होतो. एखाद्या संग्रहात जमा असलेली, कुणालाही ऐकता येणारी मुलाखत मात्र तिन्ही पद्धतींत रीतसर साधन म्हणून नोंदली जाते. तेव्हा विद्यापीठ सांगेल ती पद्धत घ्यावी; वरचा तपशील कुठे बसवायचा एवढेच त्याने ठरते. तळटिपेत जागा नसेल तर तो पद्धतीच्या प्रकरणात द्यावा. काय बदलले, किती बदलले, आणि का, हे मात्र तिथे एकदा स्वच्छ सांगितलेले असावे.

शेवटी एक तारीख उरते, ती माघारीची. संमती परत घेता येते असे आपण निवेदकाला सांगतो, पण प्रबंध एकदा सादर होऊन इंटरनेटवर गेला की ते शब्द परत घेणे कुणाच्याच हाती राहत नाही. म्हणून सादर करण्याच्या महिना-दोन महिने आधीचा एक दिवस ठरवून तो बाईंना सांगावा, आणि त्या दिवसाआधी छापला जाणारा उतारा घेऊन त्यांच्याकडे जावे. उतारा मोठ्याने वाचून दाखवावा, तळटीपही वाचून दाखवावी. ‘हे असू दे, दिराचं काढ’ असे त्या म्हणाल्या, तर ती चार मिनिटे काढावी लागतात. प्रबंधाचे एक चांगले पान जाते. बाई मात्र त्याच चाळीत, त्याच दिरासमोर, पूर्वीसारख्याच राहू शकतात.